ओल्या वहीतला तिसरा खांब

साइटवरून आलेली वही आधी पंख्याखाली वाळत घालावी लागते, हे कोकणात काम करणाऱ्यांनाच कळेल. मालवणकडच्या एका खाडीतली जुनी काँक्रीटची जेटी बघायला गेलो होतो, दोन ओळी, एकेका ओळीत आठ खांब. आज रिपोर्ट लिहायला बसलो तर पहिलीच नोंद अशी: "खा. ३ फुगलाय, गंज, डब डब, फोटो घेतला". अक्षर माझंच. अर्थ मात्र कोणाला विचारायचा?

आणि हा तिसरा म्हणजे कुठला तिसरा? मी जमिनीकडून मोजत होतो, आणि आमचा नवीन मुलगा होडीतून टेप धरून आकडे ओरडत होता तो समुद्राकडून, कारण होडीवाल्या तांडेलकाकांनी त्याला सांगून ठेवलेलं, "पयलो खांब म्हणजे दर्याकडचो." त्यांचंही बरोबरच आहे, ते तिकडूनच येतात ना. म्हणजे आठ खांबांच्या ओळीत त्याचा तिसरा तो माझा सहावा, आणि वहीत दोघांच्याही नोंदी एकाच पानावर, एकाच पेनाने. तसंच टाईप केलं असतं तर दुरुस्तीवाल्याने चांगला खांब फोडला असता.

सोडवलं फोटोंनी. मोबाईलमधले फोटो वेळेप्रमाणे लावले आणि वही शेजारी ठेवली. "डब डब"च्या फोटोत खांबाला अर्धा फाटलेला टायर बांधलेला दिसला, आणि लांबून घेतलेल्या फोटोत तो टायर जमिनीकडून सहाव्या खांबाला आहे. तेव्हा रिपोर्टच्या पहिल्याच पानावर नुसता हाताने काढलेला नकाशा टाकला, बाण करून किनारा कुठे, दर्या कुठे, आणि खांबांना नवीन नावं दिली, उत्तर १ ते ८, दक्षिण १ ते ८, सगळी किनाऱ्याकडून. वहीतले नंबर तिथेच मेले.

मग "फुगलाय, गंज, डब डब" याचं वाक्य झालं: "खांब उत्तर ६, समुद्राकडची बाजू, डेकच्या खाली ९० सेंमीपासून उभी भेग, लांबी ६५ सेंमी, जास्तीत जास्त रुंदी दीड मिमी. भेगेच्या कडेने तांबूस डाग. आजूबाजूला हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज." बस. सळई गंजून तिचा गंज फुगला आणि त्याने वरचं काँक्रीट आतून ढकललं, हे मला माहीत आहे, पण ते मी पाहिलेलं नाही, पाहिली ती भेग. म्हणून तो अंदाज "निष्कर्ष" या वेगळ्या भागात, तिथे भेग सळईच्या रेषेत उभी आहे हे कारण देऊन.

खरी गंमत पुढच्या नोंदीत. त्याच खांबावर दुसरीकडे काँक्रीट निघालेल्या जागी सळई घासून मोजली, "१४ मिमी (१६ची)". हे कंसातलं १६ कुठून आलं? मूळ ड्रॉईंग कोणाकडेच नाही, मी आपलं जागेवर मनात धरलेलं. आता हिशोब केला तर १६ची १४ झाली म्हणजे क्षेत्रफळ साधारण २३ टक्के गेलं. पण मुळात २०ची असेल तर ५१ टक्के, म्हणजे निम्मी सळईच खलास! एकच माप, आणि एका अंदाजावर खांब आजारी की मरणपंथाला हे ठरणार. टक्के खोडले. लिहिलं: शिल्लक व्यास १४ मिमी, मूळ व्यास अज्ञात, कोरड्या भागातली एक चांगली सळई उघडून मोजावी. ऑफिसात म्हणाले टक्केवारी छान दिसते रिपोर्टमध्ये. दिसते हो.

शेवटी एक नोंद राहिली, "खाली कालवं". कालवं म्हणजे खांबाला चिकटलेले शिंपले, त्याच्याखालचं काँक्रीट दिसलंच नाही. आणि त्याच्याही खाली पाणी. इथे मात्र चूक माझी. दुपारी जेवणाआधी आटपेल म्हणून मी अष्टमीचा दिवस निवडलेला, ओहोटी बाराच्या आसपास, सोयीची, पण ती भांगाची ओहोटी, पाणी फारसं उतरतच नाही. तांडेलकाका होडी सोडताना हसले होते ते आत्ता कळलं.

तर "न तपासलेला भाग" असं शीर्षक देऊन कालवांचा पट्टा आणि त्याखालचं सगळं तिथे टाकलं, सोळाच्या सोळा खांबांचं. काकांना फोन केला. म्हणाले, अमावास्येचं उधाण बघून या, तेव्हा पाणी खूप उतरतं, पण ओहोटी पहाटे पाच-सहाला नायतर तिन्हीसांजेला, आणि कालवं खरवडायला कोयती तुमची तुम्ही आणा.