आमची वाटचाल : दोन्ही पंप लाल

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचा गाळा सुरू झाला 2006 साली. आधी नुसती मोटारी चालू-बंद करणारी एमसीसी पॅनेल, मग मशीन आपोआप चालवणारे पीएलसी, मग स्काडा, म्हणजे ऑपरेटरला कारखाना दाखवणाऱ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीन. मधल्या वर्षांत चांगलं चाललं, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सांगायचं आहे ते एका रात्रीबद्दल.

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलरचं काम आम्हाला मिळालं होतं. बगॅसवर चालणारा, ताशी 70 टन वाफेचा बॉयलर. स्क्रीन मी स्वतः काढल्या होत्या आणि मला त्यांचा अभिमान होता. काळी पार्श्वभूमी, निळं पाणी, पिवळी वाफ, फिरणारे पंखे. चालू पंप हिरवा, बंद पंप लाल, ट्रिप झाला की लाल लुकलुकणार. प्रोजेक्टरवर दाखवल्यावर संचालक मंडळानं टाळ्या वाजवल्या होत्या.

गळीत ऐन भरात असताना रात्री दोनला बॉयलरला पाणी देणारा ए फीड पंप ओव्हरलोडवर ट्रिप झाला. बी पंप स्टँडबायला, पण त्याचा सिलेक्टर दुपारच्या मेंटेनन्सनंतर मॅन्युअलवरच राहिलेला, म्हणून तो आपोआप सुरू झाला नाही. बॉयलरच्या ड्रमला पाणी जायचं थांबलं. आमच्या बॉयलरवर पाणी तुटलं की नॉर्मलपासून लो-लो ट्रिपपर्यंत, म्हणजे पाणी फारच खाली गेलं म्हणून बॉयलर आपोआप बंद पडेपर्यंत, जेमतेम तीन मिनिटं मिळतात. बझर वाजला, अटेंडंटनं सवयीनं, अलार्म पाहिला असं सांगणारं, अ‍ॅक्नॉलेज दाबलं आणि लुकलुकणं थांबलं. आता स्क्रीनवर दोन्ही पंप स्थिर लाल. त्यानं कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, फील्डवर माणूस पळवला, व्हॉल्व्ह अडकलाय का ते बघायला. तेवढ्यात बॉयलर ट्रिप, पाठोपाठ टर्बाइन, मग गाळप बंद.

सकाळी मी गेलो तेव्हा हा अटेंडंट, सगळे ज्यांना मामा म्हणतात, भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "दोन्ही लाल व्हते की वो साहेब. मग दोन्ही चालूच न्हवं?"

मामांचं आयुष्य स्विचयार्ड आणि एमसीसीसमोर गेलेलं. आपल्याकडं पॅनेलवर लाल दिवा म्हणजे ब्रेकर ऑन, हिरवा म्हणजे ऑफ, पिवळा म्हणजे ट्रिप. ज्यानं पॅनेल वायर केलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. आणि मी, ज्यानं खाली एमसीसीवर तेच लाल दिवे लावले होते, त्यानं वर स्क्रीनवर उलटं केलं होतं! लुकलुकणं चालू होतं तोवर फरक दिसत होता. अ‍ॅक्नॉलेज केल्यावर ट्रिप झालेला पंप आणि नुसता बंद पंप एकाच रंगाचे झाले.

अलार्मची यादी बघितली. बॉयलर ट्रिप व्हायच्या आत 38 ओळी. `BFP-A TRIP` ही पहिली ओळ केव्हाच खाली ढकलली गेलेली, आणि वरच्या बहुतेक ओळी तिचाच परिणाम : डिस्चार्ज प्रेशर लो, फीड फ्लो लो, वगैरे. सगळ्या लाल.

कारखान्यानं आमचं शेवटचं बिल अडवलं. दुसऱ्या बॉयलरचं काम एका बाहेरच्या मोठ्या कंपनीला गेलं. त्यांच्या स्क्रीनवर भट्टीत थ्रीडी ज्वाळा हलायची, पंपाला तांब्याची चकाकी होती. आमच्यासारखीच चूक, फक्त महाग. त्यांना पूर्ण पैसे मिळाले, आम्ही गाळ्याचे हप्ते थकवले आणि बसबार वाकवायचं मशीन विकलं. ते मशीन मला अजून आठवतं.

सावरलं ते माझ्या भागीदारामुळं. ते खत कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन रिफायनरीची गोष्ट सांगितली : जुलै 1994, स्फोटाआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर 275 अलार्म. त्यानंतर ब्रिटनमध्ये अलार्म कसे असावेत यावर ईईएमयूए 191 हे मार्गदर्शन निघालं. त्याचा हिशोब असा की बिघाडानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत दहापर्यंत अलार्म माणूस हाताळू शकतो. आमचे तीन मिनिटांत 38.

मग आम्ही कारखान्याला सांगून पदरच्या खर्चानं स्क्रीन पुन्हा काढल्या. लाल-हिरव्याचं भांडण मिटवायचा एकच मार्ग होता : पंप चालू आहे की बंद, हे सांगायला दोन्ही रंग वापरायचेच नाहीत. पार्श्वभूमी फिकट राखाडी. चालू पंप पांढरा भरलेला, बंद पंप गडद राखाडी, आणि शेजारी मराठीत "चालू" किंवा "बंद". पाइप, टाक्या, सगळं करडं. रंग फक्त अलार्मला. सर्वांत वरचा अलार्म लाल चौकोन, त्यात 1. दुसरा पिवळा त्रिकोण, त्यात 2. आकार आणि आकडा दोन्ही, कारण लाल-हिरवा न ओळखणारी माणसं प्रत्येक कारखान्यात असतात आणि ती तसं सांगत नाहीत. अ‍ॅक्नॉलेज केलं की चौकोन लुकलुकायचा थांबतो, पण जात नाही. अलार्म खरोखर सुटेपर्यंत पंपाच्या अंगावर बसून राहतो. अक्षर कधीच लुकलुकवायचं नाही, वाचता येत नाही.

ड्रम लेव्हलचा नुसता आकडा काढला आणि उभी पट्टी दिली. नॉर्मलचा पट्टा थोडा गडद, लो आणि लो-लोच्या खुणा, शेजारी मागच्या दहा मिनिटांचा ट्रेंड. 41 टक्के हा आकडा वाचून काही कळत नाही. रेघ कुठं चाललीय ते लांबून कळतं.

अलार्मचं काम जास्त किचकट निघालं. पंपच बंद असेल तर त्याचं डिस्चार्ज प्रेशर लो असणारच, तो अलार्म दाबून टाकला. स्टँडबायचा सिलेक्टर मॅन्युअलवर राहिला तर मात्र नवा अलार्म, कारण त्यावर माणूस काहीतरी करू शकतो. ज्यावर ऑपरेटरनं काही करायचं नाही, ती नोंद लॉगमध्ये जावी, अलार्ममध्ये नाही. इथं एक सांगतो : तयार तक्त्यात लेव्हल अलार्मला 60 सेकंदांचा डिले सुचवलेला असतो. टाकीला ठीक. बॉयलरच्या ड्रमला तो ठेवलात तर तीनातलं एक मिनिट गेलं. आम्ही 5 सेकंद ठेवले. वाफेची मागणी एकदम बदलली की ड्रमचं पाणी खोटं फुगतं-आकसतं, त्यानं होणारा खोटा बझर डेडबँड, म्हणजे अलार्म वाजण्याच्या आणि सुटण्याच्या पातळीतलं अंतर, वाढवून कमी केला. पूर्ण गेला नाही.

नव्या पोरांना माझं सांगणं, विचारलं नाहीत तरी : स्क्रीन साध्या लेसर प्रिंटरवर काळी-पांढरी छापा. कोणता पंप चालू आहे ते कागदावर कळत नसेल तर डिझाइन परत करा. आणि मंजुरी एसी केबिनमध्ये घेऊ नका, रात्रपाळीला जाऊन घ्या. मामांना आम्ही खुर्चीत बसवलं, सिम्युलेशनमध्ये ए पंप ट्रिप केला आणि घड्याळ लावलं. चार सेकंदांत बोट बरोबर पंपावर.

अडवलेलं बिल दोन सीझननंतर, कापून मिळालं. आणि गेल्या वर्षी त्याच दुसऱ्या बॉयलरच्या स्क्रीन बदलायला आम्हालाच बोलावलं. चेअरमनसाहेब बघायला आले, करडी स्क्रीन बघून गोंधळले. "अहो, भट्टीतली ज्वाळा कुठं गेली?"

मामा मागं उभे होते. म्हणाले, "भट्टीत हाय की साहेब."