तुम्ही विचारलंत म्हणून: फोनचा तीन वर्षांचा हिशेब

“फोन घेताना किंमत दिसते ती एक, आणि पुढे कव्हर, चार्जर, दुरुस्ती असा खर्च होत राहतो तो वेगळाच. तीन वर्षे वापरून विकला, तर फोन एकूण कितीला पडतो?”

माझ्या वहीतला एक फोन घेऊन उत्तर देतो. रुपये-पैसे न लिहिता मी फोनची खरेदीची किंमत १०० धरतो आणि बाकीचा प्रत्येक खर्च त्या शंभराच्या प्रमाणात मांडतो, म्हणजे कोणत्याही किमतीच्या फोनला ही मांडणी लावून पाहता येईल. खरेदीची किंमत म्हणजे सवलत वजा जाऊन आणि हप्त्यांवरचे व्याज मिळवून खिशातून प्रत्यक्ष गेलेली रक्कम. माझ्या फोनचे आकडे असे होते: कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास मिळून ४, चार्जर आणि मधे बदललेली केबल मिळून ५, तिसऱ्या वर्षी बदललेली बॅटरी ७. एकूण ११६ झाले. छत्तीस महिन्यांनी फोन विकला तेव्हा ३२ परत आले. म्हणजे तो फोन मला ८४ ला पडला, महिन्याला सुमारे २.३. हे प्रमाण प्रत्येक फोनला जसेच्या तसे लागू होणार नाही, पण खर्च कोणत्या बाजूने येतो ते यातून कळते.

या ८४ मधले ६८ एकट्या घसाऱ्याचे आहेत, म्हणजे शंभरात घेतलेली वस्तू बत्तीसला विकल्याचे. कव्हर, चार्जर आणि बॅटरी हे तिन्ही मिळून फक्त १६ होतात. तरीही कव्हर घेताना आपण चार दुकाने फिरतो आणि विक्रीचा विचार फोन जुना झाल्यावरच करतो. मला वाटते, ते उलट व्हायला हवे. माझ्या फोनला एका वर्षानंतर ६५, दोन वर्षांनंतर ४६ आणि तीन वर्षांनंतर ३२ किंमत मिळत होती. पहिल्या वर्षाने ३५ खाल्ले, दुसऱ्याने १९, तिसऱ्याने १४. दरवर्षी फोन बदलणारा माणूस हे सर्वांत महागडे पहिले वर्षच पुन्हा पुन्हा विकत घेत असतो.

चार्जिंगला लागणाऱ्या विजेबद्दलही अनेकजण विचारतात, म्हणून तो आकडा इथेच देऊन टाकतो. ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. चार्जरमध्ये आणि बॅटरीत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज धरली, तर रोज पूर्ण चार्ज करण्याला सुमारे २५ वॉट-तास लागतात, म्हणजे तीन वर्षांत २७ युनिट. एक किलोवॉटचा हीटर २७ तास चालवला तर इतकीच वीज जाते. हिशेबात हा खर्च सोडून दिला तरी चालतो.

चार्जरच्या बाबतीत एक गोष्ट खरेदीपूर्वी पाहावी लागते. अ‍ॅपलने २०२० मध्ये आयफोन १२ पासून डब्यातून चार्जर काढला, पुढे इतर काही कंपन्यांनीही तेच केले, त्यामुळे फोनच्या किमतीत चार्जर आहे की नाही हे आता तपासावेच लागते. फोन जलद चार्ज होतो याचा अर्थही नीट समजून घ्यावा. काही फोन पॉवर डिलिव्हरी या सर्वसाधारण पद्धतीने जलद चार्ज होतात, काही मात्र फक्त स्वतःच्या कंपनीच्या चार्जरवरच तो वेग दाखवतात आणि दुसऱ्या चार्जरवर सावकाश चालतात. पहिल्या प्रकारचा चार्जर पुढच्या फोनलाही उपयोगी पडतो. माझ्या हिशेबातले चार्जरचे पैसे पुढच्या फोनच्या वेळी खर्ची पडले नाहीत, ते त्याच कारणाने. केबल मात्र संपणारी वस्तू आहे. ती प्लगच्या मुळाशी, जिथे रोज वाकते, तिथेच आतून तुटते. चार्जिंग मधेच थांबून पुन्हा सुरू होऊ लागले, तर फोनच्या पोर्टला दोष देण्याआधी दुसरी केबल लावून पाहावी, आणि पोर्टमध्ये साचलेला धागा-धूळ फोन बंद करून लाकडी काडीने हलकेच काढावा. पोर्ट बदलण्याचा खर्च त्यामुळे अनेकदा वाचतो.

आता डिस्प्लेकडे येतो, कारण हिशेब खरा उलटतो तो इथे. आजच्या बहुतेक फोनमध्ये वरची काच, स्पर्श ओळखणारा थर आणि चित्र दाखवणारे पॅनल एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यामुळे फुटली ती फक्त काच असली, तरी सहसा पूर्ण जोड बदलावा लागतो. माझ्या याच मॉडेलचा दुसरा फोन घरात होता आणि तो चौदाव्या महिन्यात कोपऱ्यावर आपटला. डिस्प्ले बदलायला २४ लागले. पुढे विकताना, डिस्प्ले मूळचा नाही म्हणून, ३२ ऐवजी २८ मिळाले. तो फोन ८४ ऐवजी ११२ ला पडला, म्हणजे एका पडण्याने तीन वर्षांचा खर्च एक तृतीयांशाने वाढला. कव्हरचे ४ खरे याच्यासाठी असतात. म्हणून कव्हर निवडताना दोनच गोष्टी पाहाव्यात: कोपऱ्यांवर जाडी आहे का, आणि कव्हरची कड डिस्प्लेपेक्षा थोडी वर येते का. मागची नक्षी कितीही सुंदर असली तरी कोपरा उघडा असेल तर ते कव्हर उपयोगाचे नाही. एवढे मात्र करावे की आठवड्यातून एकदा कव्हर काढून आतून पुसावे. आत शिरलेले वाळूचे कण फोनच्या कडा घासत राहतात, आणि विक्रीच्या वेळी त्याच खुणा किंमत पाडतात.

फुटलेला डिस्प्ले बदलावा की तसाच वापरावा, हा प्रश्न भावनेने सोडवला जातो. त्याचेही गणित आहे. तडा गेलेला फोन तसाच विकला असता, तर मला तिसऱ्या वर्षअखेर १२ मिळाले असते. बदलून २८ मिळाले. म्हणजे दुरुस्तीच्या २४ पैकी १६ विक्रीत परत आले आणि निव्वळ खर्च ८ झाला. चौदाव्या महिन्यात दुरुस्ती केली, तर या ८ मध्ये धडधाकट डिस्प्लेचे २२ महिने मिळतात, आणि मला तो सौदा योग्य वाटतो. हाच डिस्प्ले चौतिसाव्या महिन्यात फुटला असता, तर तेच ८ फक्त दोन महिन्यांसाठी गेले असते. तेव्हा स्पर्श नीट चालत असेल आणि काच बोटाला लागत नसेल, तर तडा तसाच ठेवून खरे सांगून फोन विकावा.

बॅटरीलाही हाच तर्क लागतो. लिथियम-आयनची बॅटरी प्रत्येक पूर्ण चार्जगणिक थोडी झिजते. कितीतरी फोनच्या बॅटरीबाबत ५०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्के क्षमता हा जुना मापदंड होता. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनसाठी ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता बंधनकारक झाली आहे. रोज एक चक्र धरले, तर ५०० चक्रे दीड वर्षाच्या आत आणि ८०० चक्रे सव्वादोन वर्षांच्या आत होतात. काही फोनच्या सेटिंगमध्ये क्षमता आणि चक्रांची संख्या दिसते. ती दिसत नसेल, तरी लक्षणे स्पष्ट असतात: तीस टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडताच फोन बंद पडणे, थंडीत अचानक मान टाकणे. क्षमता घटते तसा बॅटरीचा आतला अवरोध वाढलेला असतो आणि ती एकदम मोठा प्रवाह देऊ शकत नाही, म्हणून असे होते. मागचे झाकण किंवा डिस्प्ले कडेने उचललेला दिसला, तर बॅटरी फुगलेली असते. तेव्हा हिशेब बाजूला ठेवून फोन वापरणे आणि चार्ज करणे त्याच क्षणी थांबवावे.

मी बॅटरी सव्वीसाव्या महिन्यात बदलली आणि त्या नव्या बॅटरीचा दहा महिने उपभोग घेतला. विकायच्या आदल्या महिन्यात बदलली असती, तर ७ गेले असते आणि किंमत क्वचितच तेवढी वाढली असती. बदलताना काम कोण करतो हेही पाहावे. फोन उघडला की पाणी अडवणारे चिकट सील तुटते, आणि ते नवे लावले नाही तर पुढे ओल आत शिरते. काही कंपन्यांचे फोन परका भाग ओळखून सेटिंगमध्ये तशी नोंदही दाखवतात, आणि घेणारा ती आधी पाहतो.

आता स्वस्त फोन. त्याच काळात घरात ६० ला घेतलेला एक फोन होता. त्याला कव्हर आणि ग्लासला तेवढेच ४ लागले, चार्जर डब्यात असल्याने केबलचा फक्त १, आणि बॅटरीला ६. विकताना ९ मिळाले, कारण त्याचे सॉफ्टवेअर अपडेट तोवर बंद झाले होते. तो ६२ ला पडला. दुकानात दोन्ही फोनमध्ये ४० चा फरक होता, तीन वर्षांनी तो २२ उरला. स्वस्त फोन तरीही स्वस्तच ठरला आणि ज्याचे काम त्यावर भागते त्याने तोच घ्यावा, पण किमतीच्या चिठ्ठीवरचा फरक हा खरा फरक नव्हे.

विक्रीची किंमत सर्वांत जास्त त्या अपडेटच्या मुदतीने ठरते. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांचे अपडेट जाहीर केले. असा फोन तीन वर्षांनी विकायला काढला, तर घेणाऱ्यापुढे अजून चार वर्षे असतात. ज्याची मुदत तीन किंवा चार वर्षांचीच आहे, तो त्या वेळी संपत आलेला माल असतो. म्हणून फोन घेतानाच अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत मिळणार ते लिहून ठेवावे, बिल आणि डबा जपावा, आणि विकताना आधी आपले खाते फोनमधून काढून मगच तो रिसेट करावा. खाते राहिले तर फोन कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या हाती निरुपयोगी ठरतो.

माझा स्वतःचा फोन मी छत्तिसाव्या महिन्यात विकला खरा, पण पुन्हा तशी वेळ आली तर मी चौथे वर्षही काढीन. बॅटरी नवी असते, कव्हर-चार्जर आहेत तेच चालतात, आणि त्या वर्षी किंमत बत्तीसवरून तेवीसपर्यंत उतरली असती, म्हणजे खर्च ९, महिन्याला एकाहूनही कमी. फक्त सुरक्षा अपडेट त्या वर्षभर चालू असायला हवेत.