आभाराचा कागद

गॅदरिंगमध्ये आभारप्रदर्शन ज्याच्या वाट्याला येतं, त्याच्या हातात दुपारी एक कागद पडतो. समजा, त्यावर एवढंच आहे : 'मा. पाहुणे. २१२ विद्यार्थी, १४ कार्यक्रम. वेशभूषा – पालक संघ. मंडप. ध्वनी. ६.४० वीज गेली – जनरेटर. शिपाई.' हे जसंच्या तसं वाचलं, तर 'यांचे मी आभार मानतो' सात वेळा येतं. तिसऱ्यांदाच मागच्या खुर्च्या सरकायला लागतात.

डोळ्याला नुसतं नाव पुरतं, कानाला मात्र क्रियापद लागतं. 'वेशभूषा – पालक संघ' याचं बोलणं असं होतं : 'लावणीच्या बारा नऊवारी काल रात्रीपर्यंत मोठ्या होत होत्या. पालक संघातल्या आयांनी त्या मुलींच्या मापाच्या करून दिल्या.' एवढं सांगितलं की 'मोलाचे सहकार्य' म्हणायची गरज उरत नाही. फक्त ही माहिती कागदावर नसते. त्यासाठी मेकअपच्या खोलीत डोकावून विचारावं लागतं.

आकडा एकच ठेवावा. १४ कार्यक्रम सगळ्यांनी बसून पाहिलेत, ते मोजून दाखवू नयेत. २१२ मुलं स्टेजवर आली, हे मात्र सांगण्याजोगं. तो आकडा आपल्या कागदावर 'दोनशे बारा' असा अक्षरांत लिहावा, म्हणजे अंधुक उजेडात जीभ अडखळत नाही. ६.४० चं 'पावणेसातच्या सुमाराला' करावं : 'पावणेसातच्या सुमाराला वीज गेली, तेव्हा कोळीनृत्य अर्ध्यावर होतं. जनरेटर लागेपर्यंत तुम्ही टाळ्यांवर ठेका धरलात आणि मुलं थांबली नाहीत.' यात जनरेटरवाले आले, पालकही आले. (पाहुणे वीज खात्यातले असतील तर हे वाक्य जरा जपून.)

'मा.' हे कागदावर 'माननीय' असं पूर्ण लिहावं, नाहीतर घाईत तोंडून नुसतं 'मा' निघतं. पाहुण्यांचं नाव त्यांनाच विचारून घ्यावं; पत्रिकेत ते चुकलेलं असू शकतं. त्यांचे आभार सगळ्यात आधी, कारण बक्षिसं वाटून झाली की पाहुण्यांना गाडी दिसू लागते. उठण्यापूर्वी त्यांच्या खुर्चीकडे एकदा पाहावं. खुर्ची रिकामी असेल तर 'आपण आलात' याचं 'ते आले' एवढं बदलायचं. रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला की पोरं हसतातच.

शिपाईमामांना 'इतर कर्मचारी' यात ढकलू नये. उद्या सकाळी शाळा भरण्याआधी ते पटांगण झाडणार आहेत, तेच सांगावं. ध्वनिव्यवस्थेवाल्यांचं नाव मध्येच कुठेतरी घ्यावं. शेवटी घेतलं की ते वायर गुंडाळायला लागतात आणि वंदे मातरम् माईकशिवाय म्हणावं लागतं.

'आणि शेवटी' हे शब्द एकदाच. एकूण बोलणं तीन मिनिटांचं, म्हणजे संथपणे साधारण तीनशे शब्द. खाऊ कुठे मिळणार याची सूचना मात्र वंदे मातरम् झाल्यावरच द्यावी; तो शब्द आधी निघाला तर वंदे मातरम् म्हणताना समोर फक्त खुर्च्या असतील. आणि हो, कार्यक्रमपत्रिकेत राष्ट्रगीत आहे की वंदे मातरम्, तेही आधीच बघून ठेवावं.