पिल्लाच्या पोटावरच्या पुळ्या आणि ती गोल खूण

“मॅडम, पिल्लाच्या पोटावर पू भरलेल्या पुळ्या आल्यात. पसरतात का ओ ह्या? पोरं दिवसभर त्याला मांडीवर घेऊन बसतात, त्यांना लागतील का? आणि औषध काय?”

माणसांना लागत नाहीत, शेजारच्या कुत्र्यालाही लागत नाहीत. त्याच पिल्लाच्या जांघेत, काखेत आणखी चार उठू शकतात, एवढंच. बहुतेकांना औषधाची आंघोळ पुरते, गोळ्या क्वचितच लागतात. पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात हा प्रश्न दिवसाआड येतो. एवढं सांगून मी मोकळी झाले असते, पण या पुळ्यांपेक्षा त्यांच्यावर घरी केलेले उपचार मला जास्त त्रास देतात. म्हणून जरा सविस्तर.

गेल्या जुलैतली गोष्ट. कसबा बावड्याहून एक नववीतला मुलगा आणि त्याची आजी दहा आठवड्यांचं गावठी पिल्लू घेऊन आले. नाव बंड्या, वजन साडेतीन किलो. तो पाऊस तुम्हाला माहीत आहेच, पंचगंगा पात्राबाहेर आली की बावड्यात भिंतीसुद्धा घाम फुटल्यासारख्या दिसतात. बंड्या गोठ्याच्या कडेला गोणपाटावर झोपायचा. आजींनी टेबलावर ठेवता ठेवताच निदान सांगून टाकलं, “गजकर्ण झालंय बघा याला. पोराला लागंल म्हणून मी हात लावू देत न्हाई.”

बंड्याला उताणा केला. पोटावर, जांघेकडच्या उघड्या कातडीवर मोहरीएवढ्या सातआठ पिवळट पुळ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये रुपयाहून लहान अशा पाचसहा गोल खुणा. मधे कातडी गुलाबी, कडेने पापुद्र्याची पांढरी झालर. आजींचं गजकर्ण ते हेच.

ही गोल खूण नीट समजून घ्या, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. ही पुळी कातडीच्या अगदी वरच्या मेलेल्या थराखाली असते. तिचं छप्पर कांद्याच्या पापुद्र्याइतकंही जाड नसतं. पिल्लू गोणपाटावर पोट घासत पुढं सरकलं की ते फुटतं. त्यामुळे भरलेली पुळी जेमतेम एखाद दिवस दिसते. फुटल्यावर मधाच्या रंगाची पातळ खपली धरते आणि पापुद्रा चहूबाजूंनी मागे सरत जातो, तीच ही झालर. म्हणजे खूण जुन्या पुळीचीच असते. घरच्यांना पुळी दिसतच नाही, वर्तुळ दिसतं, आणि मग मेडिकलमधून खाजेची ट्यूब येते.

इथेही आलीच होती. मुलाने खिशातून काढून दाखवली. बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि स्टिरॉइड, तिन्ही एकत्र. तिसऱ्या दिवशी लाली एकदम उतरली, म्हणून आजी खूश होत्या. सहाव्या दिवशी दुप्पट पुळ्या. लाली उतरते ती स्टिरॉइडने, पण त्याच स्टिरॉइडने कातडीची प्रतिकारशक्तीही दबते. पिल्लू ती ट्यूब चाटून पोटात घेतं, हे वेगळंच. आणि पिल्लाला केसातल्या किड्यांचा, म्हणजे डेमोडेक्सचा, त्रास असेल तर स्टिरॉइडने तो हाताबाहेर जाऊ शकतो. ज्या ट्यूबच्या नावात दोनतीन औषधं जोडलेली दिसतील ती पिल्लाला लावू नका, हे मी हात जोडून सांगते.

खात्री कशी करायची? निर्जंतुक सुईने एक न फुटलेली पुळी हलकेच टोचली आणि त्यावर काचपट्टी टेकवली. रंग दिला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मुलाला बघायला बोलावलं. जांभळ्या, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्या पोटात बारीक निळे ठिपके, जोडीजोडीने. “हे जंतू, आणि ह्या पेशी त्यांना गिळतायत,” म्हटलं. पोरगं पाच मिनिटं डोळा काढेना. गजकर्ण असतं तर गोष्ट वेगळी होती. ते माणसाला लागतं, आणि पिल्लात शक्यतो तोंडावर, कानावर, पायावर केस गळून टक्कल पडतं. शंका राहिलीच तर केस उपटून बुरशीची तपासणी करता येते. डेमोडेक्ससाठी कातडी थोडी खरवडून बघितली, काही नव्हतं.

हे जंतू बाहेरून आलेले नसतात. स्टॅफिलोकोकस स्यूडिंटरमिडियस हे त्यांचं लांबलचक नाव. निरोगी कुत्र्याच्या तोंडात, नाकात, गुदद्वारापाशी ते मजेत राहत असतात. पिल्लाला ते आईच्या चाटण्यातूनच मिळतात. म्हणून एका पिल्लाकडून दुसऱ्याला लागण्याचा प्रश्नच येत नाही, दुसऱ्याकडेही ते असतातच. एकाच वेताच्या चार पिल्लांना एकदम पुळ्या आल्या तर समजावं, चौघांची झोपायची जागा ओली आहे. लोकांची भीती येते ती लहान मुलांच्या अशाच दिसणाऱ्या आजारामुळे. दोन्हींना डॉक्टर इम्पेटिगोच म्हणतात, पण मुलांचा तो बहुधा दुसऱ्या जंतूंचा असतो आणि तो खरोखर वर्गभर फिरतो. पिल्लाचा तसा नाही. घरात कुणाला उघडी जखम असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी करणारे उपचार चालू असतील, तर पिल्लाला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, इतकं पुरे.

मग घरचेच जंतू अचानक का उठतात? पोटाची कातडी पातळ, केस नाहीत, पिल्लाची प्रतिकारशक्ती अजून कच्ची, त्यात ओलं अंथरूण. त्यावर जंत, पिसवा किंवा अर्धपोटी राहणं यांची भर पडली की झालं. बंड्याच्या हिरड्या मला जरा फिक्या वाटल्या. शी तपासली तर हुकवर्मची अंडी. जंताचं औषध एकदाच दिलं होतं, तेही अंदाजाने अर्धी गोळी. खरं तर दोन आठवड्यांचं झाल्यापासून आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, वजनावर मोजून द्यायचं असतं.

इथे मी आजींना एक गोष्ट सांगितली. पुळ्यांना भिऊन तुम्ही नातवाला लांब ठेवलंत, पण पोराला लागण्यासारखं या पिल्लात काही असेल तर ते हे जंत. विष्ठेतून अंडी मातीत पडतात, त्यातून अळ्या निघतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. अंगणात शी पडली की तेव्हाच उचलायची आणि पोराने चप्पल घालायची. आजींनी नातवाच्या पायाकडे बघितलं. चप्पल दवाखान्याच्या बाहेर काढून ठेवलेली होती, त्यामुळे त्या बापड्याला उगाच बोलणी बसली.

उपचार असा दिला. क्लोरहेक्सिडिनचा कुत्र्यांचा शाम्पू, दोन ते चार टक्क्यांमधला, दिवसाआड. कोमट पाण्याने पोट, जांघा, काखा भिजवायच्या, शाम्पू लावायचा आणि दहा मिनिटं तसाच ठेवायचा. सगळी मेख या दहा मिनिटांत आहे. लावला आणि लगेच धुतला तर फेस होतो, जंतू तिथेच राहतात. पिल्लू दहा मिनिटं थांबत नाही, हे मलाही माहीत आहे. घमेल्यात उभं करायचं, एकाने धरायचं, दुसऱ्याने भाकरीचे बारीक तुकडे भरवत राहायचं आणि घड्याळ बघायचं. अंदाजाने दहा मिनिटं म्हणणाऱ्यांची चार मिनिटंच होतात. मग स्वच्छ धुवून जांघेच्या घड्यांपर्यंत कोरडं पुसायचं. मधल्या दिवशी उरलेल्या पुळ्यांवर मुपिरोसिनचं मलम, नुसतं, स्टिरॉइड नसलेलं. लावल्यावर दहापंधरा मिनिटं खेळवत ठेवायचं, म्हणजे चाटणार नाही. पुळ्या दाबून फोडायच्या नाहीत, दाबलेला पू कातडीत खोल जातो. माणसांच्या जखमा धुवायचं वासाचं जंतुनाशक, फिनेल, चुना, हळदीत कालवलेलं तेल यातलं काही नको. त्यातल्या निम्म्या गोष्टींनी पातळ कातडी भाजते, तेलाने ओल धरून राहते.

गोणपाट गेलं. त्याजागी आजींची दोन जुनी लुगडी, आलटूनपालटून, गरम पाण्यात धुवून उन्हात. ऊन नसेल तर चुलीपाशी वाळवून. जंताचं औषध वजनावर तीन दिवस, नंतर पंधरा दिवसांनी पुन्हा.

पोटातून प्रतिजैविक दिलं नाही. “एक सुई तरी मारा की, एवढ्या लांबनं आलोय,” असं आजी म्हणाल्याच. अशा वेळी सुई मारणं सोपं असतं, नाही म्हणायला वेळ लागतो. वरवरच्या पुळ्यांना आता आधी बाहेरूनच उपचार करतात, कारण उगाच दिलेल्या गोळ्यांनी याच जंतूंच्या औषधाला न जुमानणाऱ्या जाती वाढल्या आहेत. पुळ्या पोटाबाहेर केसाळ भागात पसरल्या किंवा आंघोळीला दाद देईनात, तर मी सेफॅलेक्सिन देते. वजनावर मोजून, दिवसातून दोनदा, साधारण दोन आठवडे, मग पुन्हा बघून. चौथ्या दिवशी पोट साफ दिसलं म्हणून बंद करणारे फार. त्यांचीच पिल्लं महिन्याने परत येतात, आणि तेव्हा पू प्रयोगशाळेत कल्चरला पाठवावा लागतो. घरात मागच्या कुत्र्याची एन्रोफ्लॉक्सासिनची गोळी उरली असेल तर ती देऊ नका. वाढत्या पिल्लाच्या सांध्यांच्या कूर्चेला तिने इजा होते.

पाचव्या दिवशी मुलाने फोटो पाठवला. नवीन पुळी नाही, जुन्या खुणा फिकट. नवीन उठणं थांबलं की नाही, हेच मी आधी विचारते. खुणा जायला वेळ लागतो. चौदाव्या दिवशी पोटावर नुसते तपकिरी डाग होते, वजन चार किलो शंभर, हिरड्या गुलाबी. लसही त्याच दिवशी टोचली.

काही पिल्लांच्या बाबतीत मात्र आंघोळ घालत दिवस काढू नयेत. पुळ्यांबरोबर डोळ्यांतून, नाकातून घट्ट स्राव, खोकला, जुलाब, खाणं बंद, अंग गरम, असं असेल तर तो डिस्टेंपर असू शकतो. लस न झालेल्या पिल्लाच्या पोटावर त्यातही अशाच पुळ्या येतात. त्याच दिवशी दाखवायचं, आणि त्याला इतर पिल्लांपासून लांब ठेवायचं, कारण हा आजार मात्र लागतो. ओठ, पापण्या, तोंड सुजून पू येत असेल आणि गळ्याखाली गाठी आल्या असतील तर तो वेगळाच आजार आहे. गंमत म्हणजे त्याला स्टिरॉइडच लागतं, पण तपासून, डॉक्टरच्या हाताने. पिल्लू रात्रभर खाजवत असेल तर खरूज किंवा पिसवा शोधा. या पुळ्या फारशा खाजत नाहीत, दुखतही नाहीत. आणि लाल मुंग्या चावल्या तरी पोटावर पुळ्या येतात, मग पिल्लू झोपतं तिथली फरशी आधी बघा.

बंड्या सप्टेंबरमध्ये पुढच्या लसीला आला. पोटावर दोन पुळ्या होत्या. आजी म्हणाल्या, “लुगडं वाळंना झालंय बघा, पाऊसच उघडीप देईना. पण शाम्पू लावलाय सकाळी, घड्याळ लावून.”