दोन बुधवारांचा मेसेज

मी डोंबिवली पश्चिमेला घरीच गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते. दहावीची चार मुलं आहेत आणि दर बुधवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा आठवीतला एक मुलगा एकटा येतो. तो राहतो पूर्वेला. त्याला आणतात आजोबा, स्टेशनच्या पुलावरून चालत. तास होईपर्यंत ते खाली बागेत बसतात आणि साडेसहाला त्याला घेऊन परत जातात. आई बँकेत, वडील लोकलने मुंबईला. त्यामुळे तासाबद्दलचं सगळं बोलणं त्याच्या आईशी, तेही मेसेजवरच.

२०२४ च्या मार्चमध्ये दहावीचे पेपर सुरू झाले तेव्हा मी त्यांना एक मेसेज केला होता. अजून फोनमध्ये आहे. ‘ताई, दहावीच्या परीक्षेमुळे पुढचे काही बुधवार मागेपुढे होतील. पुढच्या बुधवारी तास नाही, कळवते.’ मेसेज गेला सोमवारी. माझ्या डोक्यात पुढचा बुधवार म्हणजे दोन दिवसांनी येणारा. ताईंनी तो ‘येता नव्हे, त्याच्या पुढचा’ असा घेतला. बुधवारी पाचला आजोबा आणि नातू दारात, आणि मी एका विद्यार्थिनीच्या घरी, तिला आकृत्या काढता येत नाहीत म्हणून रडू फुटलं होतं तिथे. शेजारणीने सांगितलं, आजोबा चाळीस मिनिटं जिन्यात बसून होते. ‘पुढचा’ हा शब्द तेव्हापासून मी वेळेच्या बाबतीत वापरत नाही. ‘परवा’ही नाही, तो तर मागेही जातो आणि पुढेही.

पण खरं लागलं ते ताईंचं उत्तर. ‘ठीक आहे टीचर, आमचा काय, सातवीतलाच आहे.’ त्या रागावल्या नव्हत्या, आणि म्हणूनच जास्त लागलं. ‘दहावीच्या परीक्षेमुळे’ एवढंच लिहिलं की पलीकडच्या माणसाला ‘तुमच्या मुलापेक्षा महत्त्वाच्या मुलांमुळे’ असं ऐकू येतं, हे मला सुचलंच नव्हतं. फी मात्र दोघांकडून पूर्ण येत होती.

२०२५ ला मी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच बोर्डाचं वेळापत्रक आणि भिंतीवरचं कालनिर्णय समोर घेऊन बसले. आधी मनात असं होतं की २१ फेब्रुवारीला मराठीचा पेपर, १७ मार्चला भूगोल, म्हणजे महिनाभर आठवीचा तास कुठेतरी ढकलायचा. ताईंना ‘महिनाभर अडचण आहे’ असंच सांगणार होते. पण एकेक बुधवार बघत गेले तसं चित्र बदललं.

पहिला बुधवार १९ फेब्रुवारी, शिवजयंती. मराठीला दोन दिवस बाकी, आणि मराठी काही मी शिकवत नाही. संध्याकाळी मी मोकळी. दुसरा २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र. मराठीच्या पेपरानंतर थेट १ मार्चच्या इंग्रजीपर्यंत मोठी फट होती, आणि त्या फटीत माझी मुलं रोज दुपारी येणार होती. २६ ला तर तीन ते पाच बीजगणिताचा पूर्ण ४० गुणांचा सराव पेपर, मग बसून तो तपासायचा. हा बुधवार गेला. तिसरा ५ मार्च, खुद्द बीजगणित. पेपर अकराला सुरू, जादाची दहा मिनिटं धरून एक वाजून दहाला सुटणार. मुलं घरी जाऊन जेवून चारपर्यंत माझ्याकडे, कारण एका दिवसाच्या खंडाने शुक्रवारी ७ ला भूमिती. हाही गेला. चौथा १२ मार्च, विज्ञान भाग दोन. तोही एक वाजून दहाला संपतो, आणि त्याबरोबर माझे दोन्ही विषय संपतात. इतिहास-भूगोलाशी माझा संबंध नाही. म्हणजे १२ ला संध्याकाळी पाचला मी रिकामी. दमलेली असेन, पण रिकामी.

महिन्याभराच्या अडचणीतून उरले दोन बुधवार. मला स्वतःचीच लाज वाटली, कारण आदल्या वर्षीही मी असा हिशेब केला असता तर तेव्हाचे ‘काही बुधवार’ही मोजून सांगता आले असते.

आता ते दोन तास ठेवायचे कुठे? जवळचा दिवस बरा म्हणून मी लिहिलं: गुरुवार २७ फेब्रुवारी आणि गुरुवार ६ मार्च, संध्याकाळी सात ते साडेआठ. माझी दहावीची मुलं साडेसहापर्यंत जातात, मग मध्ये चहाला अर्धा तास. मला फार सोयीचं. ताईंचं उत्तर रात्री आलं: ‘टीचर, सातला बाबांना पुलावरून नको. गर्दी सगळी समोरून येते.’

डोंबिवलीत राहून हे मला सुचू नये! संध्याकाळी एकामागून एक गाड्या रिकाम्या होतात, तेव्हा पुलावरचे लोंढे ज्याने बघितलेत त्याला वेगळं सांगायला नको. पाचला येताना पूल तसा मोकळा असतो. साडेसहाला परतताना गर्दी सुरू होते खरी, पण आजोबा तेव्हा पूर्वेच्या जिन्याकडे, बहुतेकांच्या बरोबरीने चालतात. सातला त्यांना त्याच लोंढ्याच्या विरुद्ध यावं लागलं असतं, आणि साडेआठला अंधारात परत. बुधवार-पाच ही वेळ आम्ही तीन वर्षांपूर्वी ठरवली तेव्हा ती मुलाच्या शाळेवरून ठरली असं मी समजत होते. ती आजोबांच्या पायांवरून ठरली होती. आता कुणाचीही वेळ बदलायची असेल तर मी आधी विचारते, मुलाला आणतं कोण आणि कसं.

मग रविवार. रविवारी वडील घरी असतात, पण ताई म्हणाल्या की आजोबाच आणतील, त्यांना बागेतली मंडळी भेटतात. मुलाचं क्रिकेट साडेनऊपर्यंत, म्हणून नऊ नाही, दहा. राहिला प्रश्न कोणते रविवार. ९ मार्च नको, कारण १० ला विज्ञान भाग एक. २३ फेब्रुवारीची सकाळ मोकळी ठेवता येत होती. आणि २ मार्च तर आपोआपच मोकळा होता: १ ला इंग्रजी झालेलं, ३ ला हिंदी, त्या दिवशी दहावीचं कुणी माझ्याकडे फिरकणार नव्हतं. म्हणजे दोन्ही तास पुढे न जाता आधी घेतले जात होते. पालकांना हे फार पटतं असं मी पाहिलंय. तास पुढे गेला की तो बुडणार अशी धास्ती असते, आणि ती काही खोटी नसते. माझे असे ‘नंतर भरून काढू’ म्हटलेले दोन-तीन तास कायमचे राहिलेत.

शेवटी गेलेला मेसेज असा होता:

‘नमस्कार ताई. आपले दोन बुधवारचे तास हलवावे लागत आहेत, त्या दिवशी माझ्याकडे दहावीची मुलं आहेत.
बुधवार २६ फेब्रुवारीऐवजी रविवार २३ फेब्रुवारी, सकाळी १० ते ११.३०.
बुधवार ५ मार्चऐवजी रविवार २ मार्च, सकाळी १० ते ११.३०.
बुधवार १९ फेब्रुवारीला (शिवजयंतीची शाळेला सुट्टी असली तरी) आणि बुधवार १२ मार्चला तास नेहमीप्रमाणे संध्याकाळी ५ ला. त्यापुढे दर बुधवारी.
दोन्ही महिन्यांत चार-चार तास होतात, फी तीच.
यात काही जमत नसेल तर शनिवार १५ पर्यंत सांगा, दुसरी वेळ बघू.’

पहिल्या खर्ड्यात ‘क्षमस्व’ तीनदा होतं. तिन्ही काढली. एक जरी ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण मला माहीत आहे, माफी मागायला लागले की मी तारखा विसरते. फीची ओळ मात्र मुद्दाम घातली. फेब्रुवारीत ५, १२, १९, २३. मार्चमध्ये २, १२, १९, २६. मी महिन्याची फी घेते, तासाची नाही, तरी पालक मनात तास मोजतातच आणि विचारायला संकोचतात. आठवडा बुडून तीनच तास झाले असते तर तसंही स्पष्ट लिहिलं असतं आणि त्या तासाचे पैसे वळते केले असते.

ताईंचा अंगठा पाच मिनिटांत आला. पण अंगठ्यावर मी थांबत नाही, कारण अंगठा ताईंचा आणि चालायचं आजोबांनी, आणि आजोबा मेसेज बघत नाहीत. १९ ला मुलाकडून वहीच्या शेवटच्या पानावर तारखा लिहून घेतल्या. त्याने ‘रविवार ३ मार्च’ लिहिलं होतं. वही हातात घेऊन मी खाली बागेत गेले आणि आजोबांना दोन्ही रविवार तोंडी सांगितले. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढून टिपून घेतलं आणि विचारलं, ‘मग पाच तारखेला आम्ही यायचं नाही, बरोबर?’ हा प्रश्न वर्षभरापूर्वी त्यांना विचारता आला असता तर जिन्यात बसावं लागलं नसतं.

या सगळ्यात एक खोट राहिलीच. २ मार्चनंतर थेट १२ मार्च, मध्ये दहा दिवस. आठवीचं ‘पृष्ठफळ व घनफळ’ सुरू होतं आणि दहा दिवसांत सूत्रं उडून जातात. म्हणून २ तारखेला घरचा अभ्यास असा दिला की घरातला एक गोल डबा घे, मोज, आत किती लिटर मावेल ते काढ, आणि मग आजोबांसमोर पाणी ओतून बघ.

१२ मार्चला पाचला दोन मिनिटं असताना बेल वाजली. मुलाच्या हातात डाळीचा स्टीलचा डबा होता, रिकामा. वहीत लिहिलं होतं: रुंदी १४ सेंटीमीटर, उंची २०, घनफळ १२,३२० घन सेंटीमीटर, म्हणजे सुमारे बारा लिटर. त्याखाली पेन्सिलने आजोबांचं अक्षर: ‘लिटरचं माप तीनदा ओतलं. काठाला आलं.’

‘टीचर,’ तो म्हणाला, ‘आजोबा म्हणतात डबा खोटं बोलत नाही. मी चौदाच त्रिज्या धरली होती का?’