भांडवलाचं भाडं आणि यंत्राचं वय

"आमच्या विभागाला नफा आहे, मग तो भांडवलाचा खर्च भरून काढत नाही असं तुम्ही कसं म्हणता?"

कारण नफा-तोटा पत्रकात कर्जाचं व्याज दिसतं, पण भागधारकांच्या पैशाचा मोबदला दिसत नाही. ईव्हीए, म्हणजे आर्थिक मूल्यवर्धन, दोन्ही मिळून भांडवलाचं भाडं नफ्यातून वजा करतं. हा नफा करानंतरचा, पण व्याज वजा करण्याआधीचा घ्यायचा. व्याज भांडवलाच्या दरात आधीच धरलेलं असतं, नाहीतर ते दोनदा कापलं जाईल.

एक उदाहरण घेऊ. विभागाचा असा नफा 30 कोटी. वर्षाच्या सुरुवातीला 200 कोटींची नवी यंत्रं आणि 100 कोटींचं खेळतं भांडवल, म्हणजे साठा आणि येणी मिळून जे होतं त्यातून देणी वजा. भांडवलाचा दर 12 टक्के. भाडं झालं 36 कोटी, ईव्हीए उणे 6.

इथेच पुष्कळजण निकाल लावून मोकळे होतात आणि मला ते खटकतं. मीही पूर्वी असा निकाल लावला आहे. यंत्रांचं आयुष्य 5 वर्षं, घसारा दरवर्षी 40 कोटी आणि नफा तेवढाच राहतो असं धरा. दुसऱ्या वर्षी पुस्तकी भांडवल 260 उरतं, ईव्हीए उणे 1.2. पुढे अधिक 3.6, मग 8.4, पाचव्या वर्षी 13.2. विभागप्रमुखाने काहीही केलेलं नाही, फक्त यंत्रं जुनी झाली. पाचव्या वर्षी त्याचं कौतुक होतं, आणि नवी यंत्रं घेतली की आकडा पुन्हा उणे 6 वर जाईल हे ठाऊक असल्याने तो खरेदी लांबवत राहतो.

हे पाचही आकडे 12 टक्क्यांनी आजच्या मूल्यात आणून बेरीज केली तर सुमारे 9 कोटी येतात, उणे नव्हे, अधिक. म्हणजे पहिल्या वर्षाच्या आकड्यावरून विभाग बंद केला असता तर चांगला विभाग गेला असता.

म्हणून मी घसारा हप्त्यासारखा धरायला सांगते: सुरुवातीला कमी, पुढे वाढता, म्हणजे घसारा आणि यंत्रांवरचं भाडं मिळून रक्कम दरवर्षी सारखी येईल. पहिल्या वर्षी 40 ऐवजी साधारण 31.5 कोटी घसारा पडतो आणि ईव्हीए दरवर्षी अडीच कोटींच्या आसपास स्थिर राहतो. मग त्यात फरक पडला तर तो यंत्राच्या वयाचा नसतो.

ही मांडणी जमत नसेल तर भांडवल कशामुळे घटलं एवढं तरी बघा. येणी 30 कोटींनी लवकर वसूल झाली, तर भाड्यात 3.6 कोटींची बचत विभागाने खरोखर कमावली. तेवढीच घट घसाऱ्यामुळे असेल, तर अभिनंदनाआधी यंत्रं किती जुनी आहेत ते विचारा.