‘त्यु म मांक’ : कर्ता नेमका कोण?

फ्रेंच शिकताना ‘त्यु म मांक’, म्हणजे ‘मला तुझी आठवण येते’, हे वाक्य आमच्या वर्गात सर्वांना तोंडपाठ होते. तरीही स्वतःचे वाक्य लिहायची वेळ आली की बहुतेकांच्या वहीत ‘ज त मांक’ उमटत असे, आणि त्याचा अर्थ होतो ‘तुला माझी आठवण येते’. आपण मराठी वाक्य आधी मनातल्या मनात इंग्रजीत नेतो आणि तिथे ज्याला आठवण येते तोच कर्ता असतो, म्हणून ही चूक होते, असे मला विचारान्ती वाटले. फ्रेंचमधल्या ‘मांके’ या क्रियापदाचा कर्ता मात्र जवळ नसलेली व्यक्ती असते, आणि जिला तिची उणीव भासते ती व्यक्ती अप्रत्यक्ष कर्म होते.

ही रचना मला उलगडली ती ‘मला तू आवडतोस’ या वाक्यामुळे. इथे भावना माझी आहे, पण क्रियापद ‘तू’प्रमाणे चालते आणि मी ‘मला’ या रूपात बाजूला राहतो. ‘त्यु म मांक’ची बांधणी हीच आहे. ‘मला तुझी आठवण येते’ या वाक्यात मात्र कर्ता ‘आठवण’ असल्यामुळे ही समांतरता झाकली जाते.

चूक टिकून राहण्याचे आणखी एक कारण उच्चारात आहे. ‘ज’, ‘त्यु’ आणि ‘एल’ या तिन्ही कर्त्यांबरोबर क्रियापद ‘मांक’ असेच ऐकू येते, त्यामुळे कर्ता चुकला तरी क्रियापद खटकत नाही. म्हणून मी आदरार्थी ‘वू’ घेऊन सराव केला: ‘वू म मांके’ म्हणजे मला तुमची आठवण येते, आणि ‘ज वू मांक’ म्हणजे तुम्हाला माझी. इथे क्रियापदाचा शेवटच बदलतो आणि कर्ता कोण ते कानालाच समजते.

नामे आली की मी आधी ‘जवळ कोण नाही?’ हे विचारून त्याचे उत्तर वाक्याच्या आरंभी ठेवू लागलो. ‘मारीला पोलची आठवण येते’ यात पोल जवळ नाही, म्हणून ‘पोल मांक आ मारी’. मारीच्या जागी सर्वनाम घ्यायचे तर ‘पोल लुई मांक’. हे ‘लुई’ स्त्री-पुरुष दोघांनाही चालते, त्यामुळे आठवण कोणाला येते ते संदर्भावरूनच कळते. भूतकाळात ‘पोल लुई आ मांके’ होते.

‘पोल मांक आ मारी’मध्ये मारीच्या आधी येणारा ‘आ’ गळला तर अर्थच बदलतो. ‘जे मांके ल त्रें’ म्हणजे माझी गाडी चुकली. तिथे गाडी प्रत्यक्ष कर्म आहे आणि कर्ता मीच आहे. त्यामुळे ‘जे मांके पोल’ असे लिहिले, तर पोलची आठवण आली असा अर्थ होत नाही, त्याची गाठ हुकली असा होतो.